कारण बरोबर, उत्तर चूक: मॉडेलला ‘टप्प्याटप्प्याने विचार कर’ सांगूनही गडबड होते तेव्हा काय तपासायचं

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. ‘प्रॉम्प्टमध्ये स्टेप बाय स्टेप विचार करायला सांगितलंय, तरी उत्तर चुकतंच. बरं, खाली दिलेलं कारण वाचलं तर ठीक वाटतं.’ गेल्या दोनेक वर्षांत हा बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता प्रॉम्प्ट उघडायच्या आधीच मला अंदाज येतो, घोळ कुठे असणार. तरीही क्रमाने तपासलेलं बरं, कारण पहिल्या तीन तपासण्यांना काहीच खर्च नाही आणि बहुतेक वेळा काम तिथेच होतं.

या पद्धतीला चेन-ऑफ-थॉट म्हणतात. भाषा मॉडेलकडून थेट उत्तर न मागता आधी मधल्या पायऱ्या लिहून घ्यायच्या आणि मग उत्तर काढून घ्यायचं, एवढीच गोष्ट.

लक्षणं

खालीलपैकी काही दिसत असेल तर पुढे वाचा.

- एका पायरीच्या प्रश्नांना उत्तर बरोबर येतं. दोन-तीन अटी एकत्र आल्या की चुकतं.
- उत्तर आणि त्याखालचं कारण एकमेकांशी जुळत नाही. किंवा जुळतं, पण कारणातला एखादा आकडा ओढूनताणून बसवलेला असतो.
- चॅटच्या खिडकीत प्रश्न टाकला की उत्तर बरोबर येतं, तोच प्रश्न तुमच्या प्रोग्राममधून गेला की चूक.
- पायऱ्या छान लिहिल्या जातात आणि शेवटचं उत्तर गायब असतं.
- तोच प्रश्न पाच वेळा विचारला तर तीन वेगळी उत्तरं.

तिसरं लक्षण दिसलं तर जवळजवळ खात्रीने मॉडेलचा दोष नाही, तुमच्या बांधणीचा आहे. हे मनात धरून चला.

हातात घ्यायचं उदाहरण

सगळ्या तपासण्या मी एकाच उदाहरणावर दाखवतो. एक सहकारी ग्राहकांच्या तक्रारींचं काम बघते. तिला प्रत्येक तक्रारीला उत्तर देण्याची शेवटची वेळ मॉडेलकडून काढून हवी होती. नियम साधा होता: कामाचे दिवस सोमवार ते शुक्रवार, वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ६, आणि तक्रार आल्यापासून कामाच्या १२ तासांत उत्तर गेलं पाहिजे. तक्रार शुक्रवारी दुपारी ४:४० ला आली. शेवटची वेळ कोणती?

हाताने करू. शुक्रवारचे ४:४० ते ६:०० म्हणजे १ तास २० मिनिटं. १२ तासांतून ते वजा केले की १० तास ४० मिनिटं उरतात. शनिवार-रविवार सोडा. सोमवारी पूर्ण ८ तास गेले, उरले २ तास ४० मिनिटं. मंगळवारी १० वाजल्यापासून २ तास ४० मिनिटं, म्हणजे मंगळवार, दुपारी १२:४०.

तिच्याकडे आलेलं उत्तर हे होतं:

```json
{
  "answer": "सोमवार, दुपारी ४:४०",
  "reasoning": "शुक्रवारी ४:४० ते ६:०० असे १ तास २० मिनिटं. उरलेले १० तास ४० मिनिटं सोमवारी. म्हणून सोमवार, दुपारी ४:४०."
}
```

‘अरे, वजाबाकी तर बरोबर केलीय त्याने. मग वार कसा चुकतो?’ तिचा प्रश्न रास्त होता. १० तास ४० मिनिटांपर्यंत सगळं चोख आहे. पण सोमवारी कामाचे तासच ८ आहेत, त्यात पावणेअकरा तास मावणार कुठे? आणि सोमवारी १० ते ४:४० मोजले तर भरतात फक्त ६ तास ४० मिनिटं. म्हणजे कारणाचा शेवट कारणातूनच निघत नाही, तो दुसरीकडून आणून चिकटवलाय. कुठून, ते दुसऱ्या तपासणीत कळेल.

काहीही बदलण्याआधी एक काम करा. असे वीस-तीस प्रश्न घ्या, त्यांची उत्तरं हाताने काढा आणि एका फाइलमध्ये ठेवा. त्यात सोपे असू द्या, आणि मुद्दाम अडचणीचेही असू द्या: संध्याकाळी ६ नंतर आलेली तक्रार, रविवारी आलेली, मधे सुट्टी असलेली. प्रत्येक बदलानंतर सगळे प्रश्न पुन्हा चालवायचे. एकाच उदाहरणावर प्रॉम्प्ट घासत बसलात तर ते एक सुधारतं आणि बाकीची कधी बिघडली ते कळतही नाही.

पहिली तपासणी: ‘फक्त उत्तर दे’ असं कुठे लिहून ठेवलंय का?

हसू नका, हे फार सापडतं. प्रश्नाच्या प्रॉम्प्टमध्ये ‘टप्प्याटप्प्याने विचार कर’ असतं आणि वर सिस्टिम मेसेजमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रश्नाआधी मॉडेलला जाणाऱ्या कायमच्या सूचनेत, सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी लिहिलेलं, ‘थोडक्यात उत्तर द्या, स्पष्टीकरण नको’ असतं. दोन सूचना भांडतात आणि बहुधा छोट्या उत्तराची सूचना जिंकते. मॉडेल ‘टप्प्याटप्प्याने विचार केल्यावर उत्तर सोमवार येते’ असं एक वाक्य लिहून मोकळं होतं. टप्पा एकही नाही.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. मॉडेल मजकूर एकेक टोकन करून लिहितं. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. प्रत्येक टोकनसाठी आधीचा सगळा मजकूर मॉडेलच्या थरांमधून एकदा जातो, आणि थरांची संख्या ठरलेली असते. प्रश्न अवघड आहे म्हणून एका टोकनमागे जास्त थर मिळत नाहीत. त्यामुळे पहिलंच टोकन उत्तराचं असेल, तर वजाबाकी, वार मोजणं, सुट्टी वगळणं हे सगळं त्या एका फेरीत उरकावं लागतं. लहान हिशोब उरकतोही. चार पायऱ्यांचा बहुधा नाही.

पायऱ्या लिहायला लावल्या की दोन गोष्टी होतात. लिहिलेल्या प्रत्येक टोकनबरोबर आणखी एक फेरी मिळते. आणि मधला आकडा कागदावर येतो, पुढच्या फेरीत तो वाचता येतो. शाळेत बेरीज करताना हातचा वर लिहून ठेवायचो, तसंच. हातचा डोक्यात ठेवला की दोन अंकी बेरीज जमते, सहा अंकी आकड्यात कुठेतरी निसटतो. मॉडेलच्या बाबतीत लिहिलेला मजकूर हाच हातचा. जे लिहिलं नाही ते पुढच्या पायरीला जवळजवळ मिळतच नाही, असं धरून चाललात तर प्रॉम्प्ट लिहिताना फारसे चुकणार नाही.

नुसता जास्त वेळ मिळाल्याने हे होत असेल का, ही शंका २०२२ सालीच तपासली गेली. गूगलमधल्या संशोधकांनी त्या जानेवारीत चेन-ऑफ-थॉटवरचा मूळ निबंध प्रसिद्ध केला, त्यात एक प्रयोग असा होता: पायऱ्यांच्या जागी मॉडेलकडून नुसती टिंबं लिहून घ्यायची आणि मग उत्तर. फेऱ्या वाढल्या, पण टिंबांत हातचा नव्हता. निकाल साध्या प्रॉम्प्टइतकाच आला. तेव्हा उत्तराची लांबी वाढवून काही साधत नाही. मधला हिशोब शब्दांत किंवा आकड्यांत उतरला पाहिजे.

म्हणून पहिली दुरुस्ती: सिस्टिम मेसेज, प्रॉम्प्टचा साचा आणि आउटपुटच्या सूचना एकाखाली एक ठेवून सलग वाचा. ‘थोडक्यात’, ‘फक्त’, ‘एका शब्दात’, ‘स्पष्टीकरण नको’ हे शब्द शोधा आणि काढा. वापरणाऱ्याला लांबलचक मजकूर दाखवायचा नसेल तर दाखवू नका, पण तो लिहिला जाऊ द्या.

दुसरी तपासणी: उत्तर आधी लिहिलं जातंय का?

सगळ्यात जास्त बिघाड मला इथे सापडलेत. वरचं जेसन पुन्हा बघा. `answer` आधी, `reasoning` नंतर. माणसाला ही मांडणी सोयीची वाटते: वर निष्कर्ष, खाली कारण. कार्यालयीन टिपणं आपण अशीच लिहितो. पण मॉडेल वरून खाली लिहितं. `answer` लिहिताना त्याच्यापुढे हिशोबाचं एक अक्षरही नव्हतं. म्हणून त्याने एका फेरीत जमेल ते केलं: घड्याळातली वेळ तीच ठेवली आणि वार पुढचा कामाचा घेतला. ‘सोमवार, दुपारी ४:४०’ आला तो तिथून. त्यानंतर `reasoning` लिहायची वेळ आली तेव्हा उत्तर आधीच समोर पडलेलं होतं. आता लिहिलेला मजकूर त्या उत्तराकडे नेणारा हवा, म्हणून दोन पायऱ्या प्रामाणिकपणे झाल्या आणि तिसरीत उडी मारून ४:४० गाठले. निकाल ठरवून मग चौकशी, तसला प्रकार.

त्याच २०२२ च्या निबंधात हेही तपासलं होतं. पायऱ्या उत्तरानंतर लिहायला लावल्या तेव्हा सुधारणा झाली नाही, निकाल पायऱ्यांशिवायच्या प्रॉम्प्टजवळच राहिला. त्यामुळे ‘आम्ही कारण मागतो ना’ हे पुरेसं नाही. कारण कुठे मागता, यावर सगळं अवलंबून आहे.

दुरुस्ती सोपी आहे, हिशोबाची जागा वर आणा:

```json
{
  "calc": "शुक्र ४:४० ते ६:०० = १:२०. उरले १०:४०. शनि-रवि सुट्टी. सोम १०:०० ते ६:०० = ८:००. उरले २:४०. मंगळ १०:०० + २:४० = १२:४०.",
  "deadline": "मंगळवार, दुपारी १२:४०"
}
```

नावं मी उगाच बदललेली नाहीत. इथे एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. स्कीमामध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या आउटपुटच्या साच्यात, `reasoning` वर आणि `answer` खाली असा क्रम लावला, तरी आउटपुट उलटंच येत होतं. अर्धा दिवस गेला. शेवटी कळलं की मॉडेलला स्कीमा पाठवणाऱ्या कोडमध्ये ही ओळ होती:

```python
json.dumps(schema, sort_keys=True)
```

`sort_keys=True` म्हणजे सगळी नावं अक्षरानुक्रमे. `a` आधी, `r` नंतर. तुम्ही कसाही क्रम लावा, मॉडेलपर्यंत `answer` पहिलंच जाणार. मधल्या एखाद्या लायब्ररीने हे केलं असेल तर तुमच्या कोडमध्ये ती ओळ दिसणारही नाही. म्हणून तेव्हापासून मी नावंच अशी ठेवतो की अक्षरानुक्रमे लावली तरी हिशोब आधी येईल: `calc` आणि `deadline`, किंवा `steps` आणि `verdict`. जुगाड आहे, मान्य. पण टिकाऊ आहे.

तपासायचं कसं? तयार झालेलं ऑब्जेक्ट छापून बघू नका, ते तुमच्या प्रोग्रामने परत रचलेलं असू शकतं. मॉडेलकडून आलेला कच्चा मजकूर, जसाच्या तसा, लॉगमध्ये काढा आणि कोणती ओळ आधी आहे ते डोळ्यांनी पाहा.

आउटपुटचा साचा बदलणं तुमच्या हातात नसेल तर दोन खेपांत काम करा. पहिल्या खेपेला कुठलाही साचा न देता मोकळेपणाने हिशोब लिहून घ्या. दुसऱ्या खेपेला तो मजकूर परत पाठवा आणि त्यातलं उत्तर फक्त साच्यात भरून मागा. टोकियो विद्यापीठ आणि गूगलमधल्या संशोधकांनी मे २०२२ मध्ये उदाहरणांशिवायची चेन-ऑफ-थॉट मांडली, तेव्हा त्यांनीही अशाच दोन खेपा केल्या होत्या: एक पायऱ्यांसाठी, दुसरी त्यातून उत्तर उचलायला.

तिसरी तपासणी: मजकूर मधेच तुटतोय का?

पायऱ्या आल्या की आउटपुट लांबतं, आणि टोकनची मर्यादा मात्र थेट उत्तराच्या दिवसांतली असते. `max_tokens` शंभरावर ठेवलेलं असेल तर चार पायऱ्यांत ते संपतं. मराठीत लिहून घेत असाल तर आणखी लवकर, कारण देवनागरी मजकुराचे टोकन इंग्रजीपेक्षा सहसा जास्त पडतात. उत्तराच्या माहितीत `finish_reason` असेल आणि त्यात `length` दिसत असेल, तर मजकूर तुटलाय. मर्यादा वाढवा, पुन्हा चालवा. यात अधिक सांगण्यासारखं काही नाही.

चौथी तपासणी: ‘विचार कर’ सांगितलंय, पण कशाचा?

इथून पुढे थोडी मेहनत आहे.

`Let's think step by step` हे वाक्य मे २०२२ च्या त्याच निबंधामुळे गाजलं. मल्टीअरिथ नावाच्या गणिती प्रश्नसंचावर त्या वेळच्या एका मॉडेलची अचूकता या एका वाक्याने १७.७ टक्क्यांवरून ७८.७ टक्क्यांवर गेली. निबंधात बाकीची वाक्यंही तपासलेली आहेत. गंमत म्हणजे ‘गुप्तहेरासारखा टप्प्याटप्प्याने विचार करू’ या वाक्याला सुमारे ७० टक्के मिळाले, साध्या वाक्यापेक्षा कमी. भूमिका चढवायची हौस असणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

पण ते प्रश्न शालेय गणिताचे होते. तिथे कोणत्या पायऱ्या लागतात हे मॉडेलने शिकताना हजारदा पाहिलेलं असतं. तुमच्या कामाचा नियम त्याने पाहिलेला नसतो. ‘टप्प्याटप्प्याने’ म्हटल्यावर ते टप्पे पाडतं, पण स्वतःचे. म्हणून टप्पे तुम्ही नाव घेऊन सांगा:

```
calc मध्ये या क्रमाने लिही:
१. तक्रार कामाच्या वेळेत आली का? नसेल तर पुढच्या कामाच्या
   दिवशी सकाळी १० पासून मोज.
२. पहिल्या दिवशी कामाची किती वेळ शिल्लक होती? १२ तासांतून वजा कर.
३. पुढचा दिवस सुट्टीचा आहे का? असेल तर वगळ आणि तसं लिही.
४. दिवसाचे ८ तास वजा करत जा. दरवेळी उरलेली वेळ लिही.
५. उरलेली वेळ ८ तास किंवा कमी झाली की सकाळी १० मध्ये मिळव.
त्यानंतरच deadline लिही.
```

‘दरवेळी उरलेली वेळ लिही’ हे या प्रॉम्प्टमधलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. तोच तो हातचा. आणि ‘वगळ आणि तसं लिही’ यामुळे सुट्टीचा विचार झाला की नाही हे मजकुरात दिसतं. न लिहिलेली पायरी बहुधा न केलेली असते.

एवढ्याने भागलं नाही तर सोडवलेली उदाहरणं द्या. मूळ पद्धत हीच होती. जानेवारी २०२२ च्या निबंधात गणिताच्या प्रश्नांसाठी आठ सोडवलेली उदाहरणं प्रॉम्प्टमध्ये दिली होती, आणि गूगलच्या ५४० अब्ज पॅरामीटरच्या पाम मॉडेलची जीएसएम८के या प्रश्नसंचावरची अचूकता सुमारे १८ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर गेली. मॉडेल तेच, नवं शिक्षण काही नाही.

फक्त उदाहरणं निवडताना सांभाळा. आमच्या प्रकरणात पहिल्यांदा तीन उदाहरणं दिली आणि सुट्टीचे सगळे प्रश्न चुकायला लागले, जे आधी कधीमधी तरी बरोबर येत होते. कारण नंतर लक्षात आलं: तिन्ही उदाहरणांत सुट्टी नव्हतीच, त्यामुळे तिसऱ्या पायरीत तिन्हीकडे ‘सुट्टी नाही’ असंच लिहिलेलं होतं. मॉडेलने तेच उचललं. एका उदाहरणात सोमवारची सुट्टी घातली, उत्तर बुधवार दुपारी १२:४० दाखवलं, आणि बिघाड गेला. उदाहरणातली प्रत्येक ओळ मॉडेलला अनुकरण करायची गोष्ट वाटते, तुमच्या निष्काळजीपणासकट. एक उदाहरण चुकीचं सोडवलेलं असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

पाचवी तपासणी: मॉडेल कोणतं आहे, आणि प्रश्न कोणता?

मॉडेल बदलणं खर्चाचं, म्हणून हे इतक्या खाली.

२०२२ च्या प्रयोगांत या पद्धतीचा फायदा साधारण १०० अब्ज पॅरामीटरच्या मॉडेलपासून दिसायला लागला. त्याहून लहान मॉडेलं पायऱ्या लिहायची, वाक्यं ओघवती असायची, पण एकातून दुसरी निघायची नाही, आणि थेट उत्तर विचारलं असतं तर बरं झालं असतं असे निकाल यायचे. आजची लहान मॉडेलं पायऱ्यांच्या मजकुरावर शिकवलेली असल्याने ती रेषा बरीच खाली आलीय. तरी अगदी छोटं मॉडेल स्वतःच्या मशीनवर चालवत असाल, तर पायऱ्यांसह आणि पायऱ्यांशिवाय अशा दोन्ही रीतींनी तुमची फाइल चालवा. दुसरी रीत जिंकली तर वाद घालू नका.

दुसऱ्या टोकाला सप्टेंबर २०२४ पासून आलेली मॉडेलं आहेत, ओपनएआयचं ओ१ हे पहिलं मोठं नाव, मग जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक-आर१. ही उत्तर देण्याआधी स्वतःच लांबलचक पायऱ्या लिहितात, तसंच त्यांना शिकवलंय. त्यांना ‘टप्प्याटप्प्याने विचार कर’ सांगायची गरज नसते. नियम, अटी आणि सुट्ट्यांची यादी नीट द्या, पायऱ्यांचा आग्रह सोडा. दुसऱ्या तपासणीतला क्रमाचा बिघाडही इथे फारसा सतावत नाही, कारण `answer` लिहायच्या आधी हिशोब होऊन गेलेला असतो.

आणि प्रश्नाचं काय? हिशोब, तर्क, अनेक अटी एकावर एक, असं असेल तर पायऱ्यांचा उपयोग होतो. ‘ही तक्रार रागाने लिहिलीय का’ किंवा ‘या गावाचं नाव काय’ यात पायऱ्या नाहीतच. माहिती मॉडेलजवळ नसेल तर दहा पायऱ्या लिहूनही ती येणार नाही, उलट चुकीच्या उत्तराला दहा पायऱ्यांचा आधार मिळेल.

सहावी तपासणी: पाच वेळा विचारा

इथपर्यंत येऊनही उत्तरं डळमळत असतील तर `temperature`, म्हणजे उत्तरांत किती फरक पडू द्यायचा ते ठरवणारा आकडा, थोडं वर ठेवून तोच प्रश्न पाच वेळा चालवा. सर्वाधिक वेळा आलेलं उत्तर धरायचं, या पद्धतीला सेल्फ-कन्सिस्टन्सी म्हणतात. तीही २०२२ चीच, आणि तिने पाम मॉडेलला जीएसएम८के वर सुमारे ५७ वरून ७४ टक्क्यांवर नेलं. मात्र त्यात एकेका प्रश्नाला ४० वेळा उत्तर काढलं होतं. खर्च त्याच पटीत वाढतो.

मी ती उत्तर काढायला कमी आणि रोगाचं निदान करायला जास्त वापरतो. पाचांपैकी तीन बरोबर आणि दोन वेगवेगळी चूक, असं असेल तर हिशोबात घसरण होतेय: कुठे वजाबाकी, कुठे मिनिटांचा हातचा. मतमोजणीने ती झाकली जाते. पण पाचही वेळा एकच चूक उत्तर आलं, तर मॉडेलला एखादा नियम माहीतच नाही किंवा त्याने तो वेगळा लावलाय. तिथे पन्नास वेळा विचारा, पन्नास वेळा तेच. परत चौथ्या तपासणीत जा आणि पायऱ्या वाचा. तिच्या कामात असं एक सापडलं: संध्याकाळी ६ ला बरोबर आलेली तक्रार त्या दिवशीची की दुसऱ्या दिवशीची? मॉडेल दरवेळी तिला कामाच्या वेळेबाहेरची ठरवत होतं आणि आमची अपेक्षा उलटी होती. खरं तर दोन्हीकडून शेवटची वेळ तीच येते, कारण ६ वाजता शिल्लक शून्यच. पण तक्रार कोणत्या तारखेच्या यादीत पडते, ते चुकत होतं. नियमात लिहिलेलंच नव्हतं, मॉडेल तरी काय करणार.

कुठे थांबायचं, आणि कोणाला बोलवायचं

पायऱ्या बरोबर आहेत आणि फक्त आकडेमोड घसरतेय, तर प्रॉम्प्ट घासणं थांबवा आणि प्रोग्रामरला बोलवा. कामाचे तास मोजणं पंधरा-वीस ओळींच्या कोडचं काम आहे, ते दरवेळी तेच उत्तर देईल आणि फुकटात देईल. हा सल्ला मी सहाव्या तपासणीनंतर देतो, पण खरं सांगायचं तर अर्ध्या प्रकरणांत तो पहिल्या दिवशीच द्यायला हवा होता.

लिहिलेल्या पायऱ्या पुरावा म्हणून वापरणार असाल, तरी थांबा. ‘मॉडेलने हे कारण दिलं म्हणून अर्ज नाकारला’ असं कुणाला कळवायचं असेल, तर आधी कायदा जाणणाऱ्याला आणि त्या विषयातल्या माणसाला बसवा. कारण मॉडेलने लिहिलेलं कारण आणि उत्तर ज्यामुळे आलं ते कारण, ही दोन वेगळी असू शकतात. २०२३ मधल्या एका अभ्यासात प्रॉम्प्टमधल्या सगळ्या उदाहरणांचं बरोबर उत्तर मुद्दाम ‘अ’ पर्यायावर ठेवलं होतं. मॉडेलं नव्या प्रश्नांतही ‘अ’ कडे झुकली, त्याला साजेशा पायऱ्याही लिहिल्या, पण उदाहरणांतल्या त्या क्रमाचा उल्लेख पायऱ्यांत जवळजवळ कुठेच आला नाही. पायऱ्या उत्तर सुधारतात याचा अर्थ त्या कबुलीजबाब आहेत असा नाही.

औषधाचं प्रमाण, इमारतीचा भार, कराची रक्कम असं काही असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या पार झाल्या तरी सही त्या कामाच्या माणसाचीच.

तिच्या तक्रारींच्या कामात शेवटी हेच झालं. आता मॉडेल ग्राहकाच्या मेलमधून तक्रार कधी आली आणि कशाबद्दल आहे एवढंच काढून देतं. वेळ मोजायचं काम एका छोट्या फंक्शनकडे गेलं, सुट्ट्यांची यादी ती स्वतः दर महिन्याला भरते, आणि `calc` हे नाव स्कीमामधून निघून गेलं.